ठिय्या मजुरांच्या मुलाखती: उत्तर प्रश्नातच लिहिलेलं असतं तेव्हा

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी नागपुरात एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात बांधकामावर जाणाऱ्या ठिय्या मजुरांचे, म्हणजे रोज सकाळी नाक्यावर काम शोधत उभे राहणाऱ्यांचे, अनुभव हा माझा विषय आहे. १८ प्रश्नांची मार्गदर्शिका केली, दोन पायलट मुलाखती घेतल्या. दोन्ही वीसेक मिनिटांत संपल्या आणि दोघांची उत्तरं जवळपास सारखीच आली. सर म्हणतात, प्रश्न लीडिंग आहेत, म्हणजे उत्तर सुचवतात, क्रम चुकलाय आणि प्रोब, म्हणजे उत्तर खोलात नेणारे पुढचे प्रश्न, नाहीत. पण मी 'हो-नाही'चे प्रश्न फारसे ठेवलेलेच नाहीत. मग नेमकं काय दुरुस्त करू? मार्गदर्शिका आणि एका मुलाखतीचा उतारा जोडला आहे. तान्ह्या पोळ्यानंतर पुढच्या मुलाखती सुरू करायच्या आहेत.

उत्तर:

नमस्कार. मी आधी उतारा वाचला आणि मग मार्गदर्शिका. कोणाचीही मार्गदर्शिका तपासताना मी याच क्रमाने जाते, कारण कागदावर निर्दोष दिसणारा प्रश्न तोंडातून बाहेर पडल्यावर काय करतो ते उताऱ्यातच कळतं. तुमच्या उताऱ्यातला हा तुकडा घेऊ:

> तुम्ही: उन्हात काम करताना काय काय त्रास होतो? म्हणजे चक्कर, डोकेदुखी वगैरे?
> ते: हो, चक्कर येते. डोकं दुखते.
> तुम्ही: आणि ठेकेदार पाणी-सावलीची सोय करत नाही तेव्हा काय करता?
> ते: काय करणार. आणतो आपलं आपणच. आता सवय झाली.
> तुम्ही: बरं. मनपाच्या हीट अॅक्शन प्लॅनची काही माहिती आहे का?
> ते: नाही.

आता एक काम करा. दोन रंगांचे पेन घ्या आणि विषयाशी संबंधित प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढा. तो शब्द त्या मुलाखतीत पहिल्यांदा तुम्ही उच्चारला असेल तर लाल, त्यांनी उच्चारला असेल तर निळी. या तुकड्यात त्रास, चक्कर, डोकेदुखी, ठेकेदार, पाणी, सावली, प्लॅन हे सगळे शब्द लाल निघतात. निळे दोनच: 'आणतो आपलं आपणच' आणि 'सवय झाली'. म्हणजे त्यांच्याकडून आलेली माहिती एवढीच, आणि नेमक्या त्या दोन्ही ठिकाणी तुम्ही 'बरं' म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळलात. दोन्ही मुलाखती सारख्या का आल्या याचं उत्तर इथेच आहे. दोघांनी तुमचे शब्द तुम्हाला परत केले.

'हो-नाही'चे प्रश्न टाळले की प्रश्न लीडिंग राहत नाही, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रश्न 'काय', 'कसं', 'किती'ने सुरू होऊनही पूर्ण लीडिंग असू शकतो, कारण तो ढकलतो ते त्याने गृहीत धरलेल्या गोष्टीतून. 'काय काय त्रास होतो?' या प्रश्नात त्रास होतोच, आणि एकापेक्षा जास्त होतो, हे ठरवून टाकलेलं आहे. 'सोय करत नाही तेव्हा' यात ठेकेदार सोय करत नाही हा निकाल लागलेला आहे. समोरच्याने काहीही उत्तर दिलं तरी तो निकाल मान्य करूनच ते द्यावं लागतं. 'नाही हो, आमचा ठेकेदार पाण्याचे कॅन आणतो' असं म्हणायचं तर त्याला आधी तुम्हाला खोडावं लागेल. शिकलेल्या, वही घेऊन आलेल्या मुलीला सकाळी ठिय्यावर कोणी खोडत नाही.

एका शब्दाने किती फरक पडतो याचा प्रसिद्ध प्रयोग एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची तीच फिल्म दाखवली. एका गटाला विचारलं की गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता, दुसऱ्या गटाला विचारलं की गाड्या आदळून चुराडा झाल्या तेव्हा वेग किती होता. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्याने दोन्ही गटांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. तरी 'चुराडा' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी 'हो' म्हटलं, 'लागल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. तुमच्या विषयाला हे थेट लागू होतं, कारण तुम्ही सप्टेंबरच्या आसपास लोकांना मे महिना आठवायला सांगणार आहात. चार महिन्यांपूर्वीच्या आठवणीत तुमचा 'चक्कर' हा शब्द किती सहज जाऊन बसेल याचा विचार करा.

मराठीत तर हा ढकलण्याचा प्रकार लहान लहान शब्दांतून होतो आणि लिहिताना तो डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या अकराव्या प्रश्नात 'दुपारी काम बंद ठेवायला हवं असं तुम्हाला वाटत नाही का?' असं आहे. 'वाटत नाही का' म्हणजे 'वाटायलाच हवं'. त्याखेरीज वाक्याच्या शेवटचा 'ना', मधला 'तर' आणि 'च', आणि 'किती'. 'किती गरम होत असेल ना पत्र्याखाली?' हे आपण सहानुभूतीने म्हणतो, पण मुलाखतीत ते उत्तर ठरतं. मार्गदर्शिका मोठ्याने वाचताना हे शब्द शोधा आणि काढा. शिवाय ठिय्यावर अर्ध्याहून जास्त बोलणं हिंदीत किंवा छत्तीसगढी वळणाच्या हिंदीत होणार, हे तुम्हाला पायलटमध्ये दिसलंच असेल. प्रश्न मराठीत लिहून ऐनवेळी मनातल्या मनात हिंदी करत गेलात, तर नेमके हे शब्द परत आत येतात: 'तकलीफ तो होती ही होगी ना?' म्हणून हिंदी प्रश्नही तसेच्या तसे लिहून ठेवा.

प्रश्न लीडिंग आहे का हे ठरवायला मी एक साधी कसोटी वापरते. प्रश्न लिहिल्यावर त्याची दोन पूर्ण विरुद्ध उत्तरं लिहायची आणि ती त्या माणसाच्या तोंडून म्हणून पाहायची. दोन्ही सारख्याच सहजपणे म्हणता आली तर प्रश्न ठीक. सहावा प्रश्न पाहा: 'शौचालय नसल्याने महिलांना कमी पाणी प्यावं लागतं का?' 'हो' सहज येतं. 'नाही' म्हणायचं तर त्या बाईला शौचालय होतं का, ती पाणी किती पीत होती आणि दोन्हींचा संबंध होता का, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी नाकाराव्या लागतात. त्याऐवजी 'त्या दिवशी पाणी कधी कधी प्यायलात?' हा प्रश्न घ्या. 'सारखं पीत होते' आणि 'सकाळी घरून पिऊन निघाले ते संध्याकाळीच' ही दोन्ही उत्तरं सारखीच मोकळी आहेत. बांधकामावर लघवीला जायला जागा नसते म्हणून रेजा, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बायका, पाणी कमी पितात हे खरंच घडतं, आणि तुम्हाला ते माहीत आहे. पण तुमचं माहीत असणं हा डेटा नाही. ते तिच्याकडून, तिच्या कारणासकट आलं तरच तुमच्या प्रबंधात त्याला वजन येईल.

आता क्रम. खरं सांगायचं तर तुमच्या मार्गदर्शिकेत सर्वांत जास्त नुकसान क्रमाने केलं आहे. लीडिंग शब्द एकेका उत्तराला वाकवतो, पण चुकीचा पहिला प्रश्न त्यानंतरच्या सगळ्याच उत्तरांना वाकवतो.

तुमचा पहिला प्रश्न नाव, वय, जात, शिक्षण, उत्पन्न. दुसरा, 'बांधकाम कामगार मंडळात नोंदणी झाली आहे का?' तिसरा, 'हवामान बदलामुळे नागपूरची उष्णता वाढते आहे, याबद्दल काय वाटतं?' आता ठिय्यावर उभ्या माणसाच्या जागेवरून हे ऐका. जात आणि उत्पन्न विचारणारा माणूस फॉर्म भरणारा असतो. त्यात मंडळाचं नाव आलं की शंकाच उरत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखाली नोंदणीसाठी मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठिय्यावरचा मजूर रोज वेगळ्या माणसाकडे जातो, त्यामुळे दाखला द्यायचा कोणी हाच त्याचा रोजचा प्रश्न आहे. नोंदणी झाली की पेटी मिळते, भांड्यांचा संच मिळतो, योजना मिळतात. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाने तुम्ही त्याला सांगितलं की तुमच्याशी बोलण्यातून काही मिळू शकतं. त्यानंतर तो उन्हाबद्दल जे बोलेल ते अर्ज म्हणून बोलेल: त्रास आहे, सोय नाही, सरकारने लक्ष द्यावं. त्यात तो खोटं बोलत नसतो. समोर अर्ज घेणारा आहे असं वाटल्यावर जसं बोलावं तसं तो बोलतो.

तिसऱ्या प्रश्नाने उरलेलं काम केलं. 'हवामान बदल' हे कारण तुम्ही पुरवलंत आणि मत विचारलंत. ज्याला अजून आपला एकही दिवस सांगायला मिळालेला नाही, त्याच्याकडे मत मागितलं की तो बातम्यांतलं किंवा ठिय्यावर सगळे बोलतात ते वाक्य देतो. आणि एकदा सर्वसाधारण बोलायला लागलेला माणूस मुलाखतभर सर्वसाधारणच बोलतो. 'आम्ही मजूर लोक', 'उन्हाळ्यात असंच असते', 'गरिबाला कोण विचारते'. दुसऱ्या पायलटमध्ये 'मी' हा शब्द किती वेळा आला ते मोजा. फार थोडा सापडेल.

तुमचा सर्वांत चांगला प्रश्न चौदाव्या क्रमांकावर आहे: 'तुमचा एका दिवसाचा दिनक्रम सांगा.' तो वर न्या, पण तसाच नेऊ नका. 'दिनक्रम' विचारलं की सरासरी दिवस मिळतो, आणि सरासरी दिवस कोणी जगलेला नसतो. 'सकाळी उठतो, ठिय्यावर येतो, काम लागलं तर जातो, संध्याकाळी घरी' एवढ्यात तो संपतो. त्याऐवजी एक खरा दिवस मागा: 'शेवटचं काम ज्या दिवशी लागलं, त्या दिवशी घरून निघाल्यापासून काय काय झालं ते सांगता का?' यात ऊन नाही, त्रास नाही, ठेकेदार नाही. आणि हा दिवस पावसाळ्यातला असेल तर घाबरू नका. तो सरावाचा दिवस आहे. यातून त्याला कळतं की तुम्हाला तपशील हवे आहेत, आणि तुम्हाला कळतं की तो कामाला काय म्हणतो, कोणाबरोबर जातो, रोजीने जातो की उक्तं, म्हणजे अख्खं काम ठरलेल्या रकमेत, घेतो.

तिथून उन्हाळ्यातल्या दिवसाकडे वळा. तुमचा सातवा प्रश्न 'उष्णतेच्या लाटेच्या दिवसांत' असा सुरू होतो. हवामान खात्यासाठी लाट म्हणजे मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा मग थेट ४५ अंश. नागपुरात मे महिन्यात ४३ अंश असूनही लाट जाहीर नसेल असे दिवस असतात, आणि सेंट्रिंगच्या लोखंडी पट्ट्या उचलणाऱ्या हातांना तो फरक कळत नाही. त्याच्याकडे त्याची स्वतःची मोजणी आहे. नवतपा म्हटलं की इथे प्रत्येकाला मे अखेरचे दिवस डोळ्यांसमोर येतात. अक्षय तृतीया, बुद्ध पौर्णिमा, गावी लग्नाला गेलो ते, पोरांच्या शाळा सुरू व्हायच्या आधी, अशा खुणा धरून आठवण उभी राहते. म्हणून: 'यंदा नवतप्यात काम चालू होतं का? त्यातला एखादा दिवस नीट आठवतो का?' आठवला तर तोच दिवस सकाळपासून. नाही आठवला तर उन्हाळ्यातला कुठलाही, जो त्याला आठवतो तो.

यानंतर जोडीने दोन प्रसंग विचारा. 'कडक ऊन होतं आणि तरी काम नीट पार पडलं, असा एखादा दिवस सांगा.' आणि 'काम मध्येच थांबवावं लागलं, किंवा थांबवावंसं वाटलं पण थांबवलं नाही, असा एखादा दिवस सांगा.' जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली मांडलेल्या क्रिटिकल इन्सिडंट पद्धतीत चांगले आणि वाईट असे दोन्ही प्रसंग घेतले जातात, आणि तुम्हाला त्याची गरज आहे. फक्त वाईट दिवस विचारला की मार्गदर्शिका पुन्हा त्रासाच्या बाजूला झुकते. चांगल्या दिवसाच्या उत्तरातच कळतं की काय असलं की निभावतं: पहाटे पाचला काम सुरू केलं, मिस्त्री ओळखीचा होता, स्लॅब आधीच पडलेला असल्याने खाली सावली होती. ही माहिती 'सरकारने काय करावं' या तुमच्या अठराव्या प्रश्नातून कधीच आली नसती.

मत, ठेकेदाराशी संबंध, लघवीची जागा, आजारपणात बुडालेली रोजी हे सगळं या प्रसंगांनंतर. नोंदणी, जात, वय, उत्पन्न अगदी शेवटी, वही मिटत आल्यावर. एक सांगते, रेजांच्या मुलाखतीत लघवीच्या जागेचा विषय शेवटी ढकलू नका. तो मध्यावर ठेवा, पाण्याच्या बोलण्याला लागून, आणि जोडीदार किंवा मिस्त्री ऐकण्याच्या अंतरावर नसताना. शेवटच्या पाच मिनिटांत अवघड विषय काढला की तो उघडतो आणि तुम्ही निघून जाता. त्या बाईला तसं सोडून येऊ नका.

आता प्रोब. तुमच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक प्रश्नाखाली कंसात 'सविस्तर सांगा', 'का?', 'उदाहरण द्या' असं लिहिलं आहे. हे प्रोब नाहीत, ही प्रोबसाठी सोडलेली जागा आहे. शिवाय चौथ्या प्रश्नाखाली तुम्ही लिहिलं आहे, 'चक्कर, डोकेदुखी, लघवीला जळजळ'. मुख्य प्रश्न कितीही मोकळा केला तरी त्याच्याखाली ही यादी राहिली, तर शांतता पडल्याबरोबर तुम्ही ती वाचणार. उताऱ्यात तेच झालं आहे. लीडिंगपणा बहुतेक वेळा मुख्य प्रश्नातून हाकलला की प्रोबमध्ये जाऊन बसतो. म्हणून मार्गदर्शिका तपासताना एकदा मुख्य प्रश्न झाकून फक्त प्रोब वाचत जा.

'का?' हा प्रोब मी जवळजवळ वापरतच नाही. 'काम सोडून का नाही गेलात?' यात जाब विचारल्यासारखं वाटतं, आणि माणूस कारण सांगण्याऐवजी बचाव करतो. 'तेव्हा मनात काय आलं?', 'मग काय केलं?', 'त्या वेळी बाजूला कोण होतं, ते काय म्हणाले?' याने तेच कारण मिळतं आणि प्रसंगासकट मिळतं.

आता तुमच्या उताऱ्यातलं 'सवय झाली' हे उत्तर घेऊ. या विषयावर ते जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत येणार आहे, म्हणून त्याचे प्रोब मार्गदर्शिकेत आधीच लिहिलेले हवेत. 'सवय झाली' या एका वाक्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. शरीर खरोखरच सरावलं असेल: उन्हात कामाला लागल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, घामातलं मीठ कमी होतं, काम सुसह्य होतं. किंवा त्याने कामाची पद्धत बदलली असेल आणि त्याला तो सवय म्हणत असेल. किंवा याबद्दल बोलून काही होत नाही, विषय बदला, असं त्याला म्हणायचं असेल. तिन्हींचं विश्लेषण पूर्ण वेगळं होईल. उताऱ्यात यातलं कोणतं आहे ते मला कळत नाही, आणि तुम्हालाही कळणार नाही, कारण पुढे विचारलंच गेलं नाही.

मी इथे असे प्रोब लिहिले असते: 'सवय झाली म्हणता, तर सुरुवातीला कसं होतं? पहिला उन्हाळा आठवतो का?' मग: 'तेव्हा जे करत होता आणि आता करता, त्यात काही वेगळं आहे का?' आणि नंतर: 'मध्ये सुटी पडली, गावाला जाऊन आलात, की परत आल्यावर पहिले दोन-तीन दिवस कसे जातात?' हा तिसरा प्रोब मोलाचा आहे, कारण सराव काही दिवसांच्या खंडाने कमी होऊ लागतो आणि लग्नसराईत गावी जाऊन मेमध्ये परतलेला मजूर नेमका तिथेच सापडतो. शरीराची सवय असेल तर या प्रश्नाला त्याच्याकडे सांगण्यासारखं असतं. विषय बंद करण्यासाठी म्हटलेली सवय असेल तर उत्तर पुन्हा तेवढंच आखूड येतं, आणि तेव्हा थांबा. तिसऱ्यांदा खोदू नका. त्या विषयाकडे नंतर दुसऱ्या वाटेने येता येतं.

दुसरं निळं वाक्य, 'आणतो आपलं आपणच'. इथे प्रोब अगदी ठोस हवेत: कशात आणता, किती वाजेपर्यंत पुरतं, संपल्यावर कुठून घेता, कोण भरून आणतं. याच ओघात विचारा: 'त्या दिवशी रोजीने होतात की उक्तं घेतलं होतं?' हा प्रोब तुमच्या अख्ख्या मार्गदर्शिकेत कुठेच नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा अभाव आहे. रोजीच्या कामात दुपारी सावलीत अर्धा तास बसलं की तो वेळ ठेकेदाराचा जातो, म्हणून तिथे परवानगीचा आणि नजरेचा प्रश्न येतो. उक्त्यात तो वेळ मजुराचा स्वतःचा जातो. तिथे कोणी अडवत नसतं, पण काम संपल्याशिवाय पैसे नाहीत, म्हणून तो स्वतःच उन्हात थांबत नाही. 'ठेकेदार सोय करत नाही' या तुमच्या चौकटीत हा दुसरा माणूस मावतच नाही. तो ठेकेदाराला दोष देणार नाही आणि तुम्हाला वाटेल की त्याला काही सांगायचं नाही.

'ऊन लागलं' किंवा 'लू लग गई' आलं की लगेच होकार देऊन लिहून घेऊ नका. आपल्याला ओळखीचे वाटणारे शब्दच सर्वांत कमी खोदले जातात. 'लागलं म्हणजे नेमकं काय झालं, आधी काय जाणवलं?' असं विचारा. कोणी ताप म्हणेल, कोणी उलटी, कोणी 'घबराहट', कोणी दोन दिवस अंगात जीव नव्हता असं सांगेल. लक्षणांची यादी तुम्हाला हवीच आहे, फक्त ती तुमच्या कागदावरून त्यांच्याकडे न जाता त्यांच्याकडून तुमच्या कागदावर यावी.

आणि थांबणं. उत्तर संपल्यावर मनात चार-पाच आकडे मोजा. पायलटच्या रेकॉर्डिंगमध्ये तुमचा पुढचा प्रश्न आधीच्या उत्तराच्या शेवटच्या शब्दाला चिकटून येतो का ते ऐका. १८ प्रश्न वीस मिनिटांत म्हणजे एकेका प्रश्नाला मिनिटभर. इतक्या वेगात कोणालाही दुसरं वाक्य बोलायला मिळत नाही.

म्हणून मार्गदर्शिका सहा-सात मुख्य प्रश्नांवर आणा. शेवटच्या कामाचा दिवस, नवतप्यातला दिवस, जोडीचे दोन प्रसंग, पाणी आणि आडोसा, ज्याच्यासोबत काम केलं त्याच्याशी त्या दिवशी झालेलं बोलणं, आणि ऊन असताना काम घ्यायचं की नाही हे सकाळी ठिय्यावर कसं ठरतं. प्रत्येकाखाली तीन-चार प्रोब, पूर्ण वाक्यात, मराठी आणि हिंदी दोन्हींत. हीट अॅक्शन प्लॅनचा प्रश्न 'माहिती आहे का' या रूपात काढून टाका. तो परीक्षेसारखा ऐकू येतो आणि 'नाही' म्हणून माणूस ओशाळतो. 'उन्हाबद्दल काही सूचना कानावर आली होती का, कोणाकडून?' असं विचारलं तर त्याला शाळेतल्या पोराने सांगितलेलंही सांगता येतं.

तुमच्याजवळचं काही ज्ञान तपासून पाहायचंच असेल, तर मुलाखतीच्या शेवटच्या भागात दोन्ही बाजू मांडून विचारता येतं: 'काही जण म्हणतात दुपारी काम बंदच ठेवावं, काही जण म्हणतात मग रोजी कापली जाते. तुमचं काय?' शेवटी विचारलेला असा प्रश्न आधीच्या बोलण्याला वाकवत नाही. फक्त विश्लेषण करताना त्या उत्तरासमोर 'बाजू आपण मांडल्या' अशी खूण ठेवा, आणि आपोआप आलेल्या उत्तरांत ते मिसळू नका.

मार्गदर्शिकेने न सुटणारी एक गोष्ट मात्र वेगळी ठरवावी लागेल. सकाळी आठ ते साडेनऊ ही मजुराची काम मिळण्याची वेळ आहे. त्या वेळी तास मागितला तर त्याची रोजी बुडेल, आणि दहानंतर ठिय्यावर उरतात ते त्या दिवशी काम न लागलेलेच. फक्त त्यांच्याच मुलाखती घेतल्या तर वयस्क आणि अशक्त माणसांकडे तुमचा नमुना झुकेल. सकाळी ओळख करून वेळ ठरवा आणि संध्याकाळी वस्तीत किंवा सुटीच्या दिवशी भेटा.

नवी मार्गदर्शिका घेऊन आणखी दोन पायलट करा, शक्यतो एक पुरुष आणि एक रेजा, एक रोजीवाला आणि एक उक्तं घेणारा. त्यांचे उतारे त्याच रात्री उतरवा आणि पुन्हा दोन रंगांचे पेन घेऊन बसा. पहिल्या पंधरा मिनिटांत ऊन हा शब्द निळा आला, आणि तुमचं एकेक बोलणं एका ओळीचं पण त्यांचं पाच-सहा ओळींचं दिसू लागलं, तर पुढच्या मुलाखतींना लागा. लाल रेघा एखाद्या प्रश्नाभोवतीच साचलेल्या दिसल्या तर सगळी मार्गदर्शिका बदलू नका, तेवढा प्रश्न आणि त्याच्याआधीचा प्रश्न तपासा. बहुतेक वेळा बिघाड आधीच्या प्रश्नात असतो.